बांगला लेखनातील र–ड़ गफलत आणि जोड क्रियापदे

बांगला लिपीतली काही अक्षरे खाली टिंब घेऊन ओळखली जातात. ‘ब’च्या आकृतीखाली टिंब दिले की ‘र’ होतो आणि ‘ड’खाली दिले की ‘ड़’ होतो. शब्दाचे हिज्जे तोंडी सांगताना बंगाली माणूस ‘ब-ए शून्य र’, ‘ड-ए शून्य ड़’ असेच सांगतो. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी 1855 च्या ‘वर्णपरिचय’मध्ये ड़ला स्वतंत्र अक्षराचे स्थान दिले. हे अक्षर शब्दाच्या आरंभी कधी येत नाही.

टिंबामुळे दोन वेगळ्या चुका होतात. पहिली हाताची: घाईत टिंब राहून गेले की ‘करे’ (करून) चा ‘कबे’ (केव्हा) होतो. ती वाचताना लगेच खटकते. दुसरी कानाची, आणि तीच चिवट. पूर्व बंगालच्या बोलींत ड़ आणि र यांचा उच्चार एकच होतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला कोणते अक्षर घालायचे याची खूण कानातून मिळत नाही.

या चुकीचे मुख्य ठिकाण म्हणजे ‘पड़ा’ आणि ‘परा’ ही जोडी. ‘पड़ा’ म्हणजे पडणे, आणि वाचणेही. ‘परा’ म्हणजे अंगात घालणे, नेसणे. ‘पड़ा’ शिवाय जोड क्रियापदात दुसऱ्या जागी बसते. तेथे पडण्याचा मूळ अर्थ उरत नाही; क्रिया एकाएकी किंवा आपसूक झाली एवढेच ते सांगते. ‘घुमिये पड़लाम’ म्हणजे झोप लागून गेली, ‘बेरिये पड़लाम’ म्हणजे बाहेर पडलो. शेवटच्या उदाहरणात मराठीही तेच क्रियापद वापरते.

सुट्टीच्या दिवसावरचा तीन वाक्यांचा शालेय निबंध नमुन्यादाखल घेऊ. ‘सकाले उठे परलाम। नतुन जामा पड़े बाबार सङ्गे बेरिये परलाम। राते बइ परते परते घुमिये परलाम।’ सकाळी उठलो, नवा सदरा घालून बाबांबरोबर बाहेर पडलो, रात्री पुस्तक वाचता वाचता झोप लागली, असे मुलाला म्हणायचे आहे. सदऱ्याच्या जागी मात्र ‘पड़े’ आले आहे, म्हणजे सदरा वाचून किंवा पडून. आणि ‘बइ परते’ म्हणजे पुस्तक अंगात घालता घालता. उलट चूक बहुधा धाकाने होते: ड़ विसरू नकोस असे सतत बजावलेला मुलगा जेथे र हवा तेथेच ड़ घालतो. शुद्ध रूपे अशी: उठे पड़लाम, जामा परे, बेरिये पड़लाम, बइ पड़ते पड़ते, घुमिये पड़लाम. ‘परलाम’ (मी घातले) हाही खरा शब्द असल्याने सुटे शब्द पडताळणाऱ्याच्या नजरेतून ही चूक निसटते; वाक्य पूर्ण वाचावे लागते.

तपासण्याची युक्ती सोपी आहे. अर्थ घालण्या-नेसण्याचा असेल तरच र. जोड क्रियापदातले दुसरे पद असेल तर बेधडक ड़, कारण ‘परा’ त्या जागी येतच नाही. अडचण ‘पारा’ (शकणे) या शब्दाची: ‘करते पारि’ (करू शकतो) मध्ये र आहे आणि तो योग्यच आहे, ‘आम पाड़ा’ (आंबे उतरवणे) मध्ये ड़. मराठी वाचकाला आणखी एक आधार आहे. घोडा–घोड़ा, गाडी–गाड़ि, कापड–कापड़, चढणे–चड़ा अशा जोड्यांत मराठीतला ड किंवा ढ तिकडे ड़ होऊन येतो, तर चरणे–चरा, धरणे–धरा, घर–घर यांत र तसाच राहतो. हा नियम नव्हे, पण पुष्कळदा निभावून नेतो.

मराठीतही, बीड जिल्ह्यात, या गफलतीचे सख्खे भावंड न–ण हे आहे. मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत ‘पानी’, ‘आनून दिलं’ असा उच्चार रूढ आहे आणि तो निबंधाच्या वहीत उतरतो. ‘आनून दिलं’ने अर्थ बिघडत नाही, कारण ‘आनणे’ असा दुसरा शब्द नाही. ‘पुस्तकात खून करून ठेवली’ हे वाक्य मात्र बंगाली सदऱ्याच्या पंगतीला बसते. येथे वाचकाला व्याकरण वाचवते: खून पुल्लिंगी, खूण स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘ठेवली’ पाहताच हेतू कळतो. बांगला क्रियापदाला लिंग नाही, म्हणून ‘परलाम’च्या वेळी तसा साक्षीदार मिळत नाही. बीडच्या मुलाची बोली चुकीची ठरवून हे सुटत नाही. बोलताना ‘पानी’ आणि लिहिताना ‘पाणी’ अशा दोन सवयी शेजारीशेजारी नांदू शकतात, जशा ढाक्याच्या मुलाच्या तोंडी र आणि वहीत ड़.