संशयाला आकडा कसा चिकटला

आपण जगतो ते जग कुणीतरी रचलेला भास असेल, ही शंका जुनी आहे. १६४१ साली देकार्तने ‘मेडिटेशन्स’मध्ये आपल्याला सतत फसवणारा एक बलाढ्य, कपटी दैत्य कल्पिला. अशा फसवणुकीची शक्यता किती, हे त्याने मोजले नाही. त्याला मोजायची गरजच नव्हती, कारण कोणते ज्ञान या शंकेतूनही टिकते एवढेच त्याला पाहायचे होते. १९८१मध्ये हिलरी पटनमने दैत्याच्या जागी द्रवात ठेवून संगणकाला जोडलेला मेंदू आणला. तिथेही आकडा नव्हता.

तो आला २००३ साली, निक बॉस्ट्रमच्या ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’तील निबंधात. बॉस्ट्रम विज्ञानावर शंका घेत नाही, उलट ते खरे मानूनच सुरुवात करतो. ग्रहाएवढा संगणक सेकंदाला एकावर ४२ शून्ये इतक्या क्रिया करू शकेल आणि मानवजातीच्या सगळ्या मनांचा इतिहास चालवायला फार तर एकावर ३६ शून्ये इतक्या क्रिया लागतील, असा त्याचा अंदाज. म्हणजे तीनपैकी किमान एक गोष्ट खरी असणार: बहुतेक संस्कृती तिथवर पोचण्याआधीच नष्ट होतात, पोचलेल्यांना पूर्वजांचे सिम्युलेशन चालवण्यात रस नसतो, किंवा आपण जवळजवळ नक्कीच सिम्युलेशनमध्ये आहोत.

इथे एक हिशेब करून पाहावा. समजा, हजारातली एक संस्कृती सिम्युलेशन चालवते आणि अशी प्रत्येक संस्कृती ते दहा लाख वेळा चालवते. मग एका खऱ्या इतिहासामागे हजार कृत्रिम इतिहास होतात आणि आपण कृत्रिम असण्याची शक्यता ९९.९ टक्के ठरते. आता हजाराऐवजी शंभर कोटींतली एक संस्कृती धरा. तीच शक्यता ०.१ टक्क्यावर येते. सगळे उत्तर त्या एका प्रमाणावर टांगलेले आहे आणि ते ठरवायला आपल्याकडे एकही उदाहरण नाही, कारण आपली स्वतःची संस्कृतीही अजून तिथे पोचलेली नाही.

दुसरी अडचण मला अधिक खोल वाटते. संगणकाच्या क्षमतेचे ते अंदाज आपल्याच भौतिकशास्त्रातून आले आहेत. आपण सिम्युलेशनमध्ये असू, तर बाहेरच्या जगाचे नियम तसेच असतील याची हमी काय? निष्कर्ष खरा ठरला, तर ज्या पुराव्यावर तो उभा आहे त्याचीच किंमत घटते. आणि सिम्युलेशन पुरेसे चोख असेल, तर आतून दिसणारे सारे काही खऱ्या जगासारखेच दिसेल, त्यामुळे निरीक्षणाने हा वाद सुटणार नाही. देकार्तचा दैत्य आकडेमोडीच्या वाटेने परत आला तो इथे.

२०१६मध्ये इलॉन मस्कने आपण मूळ जगात असण्याची शक्यता अब्जांत एक असल्याचे जाहीर केले आणि बॉस्ट्रमचे तीन पर्याय लोकांच्या मनात एकच होऊन बसले. बॉस्ट्रमने मात्र तिसरा पर्याय सिद्ध केल्याचा दावा कधीच केलेला नाही.