गंज-ए-सवाईची लूट आणि कथेतील चाचे

वरठीपासून समुद्र शेकडो मैल दूर, तरी आपल्या मुलांना चाचे ठाऊक असतात. एका पायाचा खलाशी, खांद्यावर पोपट, बेटावर पुरलेला खजिना, हे सारे १८८३ साली पुस्तकरूपाने आलेल्या स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधले. खऱ्या चाच्यांचा प्रताप मात्र आपल्याच किनाऱ्याजवळ घडला आहे.

सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेब बादशहाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हाजींना घेऊन सुरतेकडे परतत होते. मोखा आणि जेद्दा येथे माल विकून आलेले सोने-चांदीही त्यावर होते. खाफीखान हा इतिहासकार ते बावन्न लाख रुपयांचे सांगतो. सुरत आठ-नऊ दिवसांवर असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने जहाज गाठले. त्याच्यापाशी माणसे थोडी, तर बादशाही जहाजावर ऐंशी तोफा. पण ऐन वेळी एक तोफ फुटून आपलीच माणसे मेली, गोंधळ उडाला आणि चाचे वर चढले. पुढचे काही दिवस लूट चालली. अब्रू वाचविण्यासाठी काही स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी स्वतःला भोसकून घेतले, असे खाफीखान लिहितो.

बातमी येताच सुरतेत संतापाची लाट उसळली. वखारीतील निरपराध इंग्रजांना कित्येक महिने कैदेत राहावे लागले. जमावापासून त्यांचा बचाव हाही त्यामागे एक हेतू होता.

आणि खजिना? तो कोणी पुरला नाही. लगेच वाटे पडले. जॉन डॅन नावाच्या साथीदाराने आपली नाणी जाकिटात शिवून घेतली. रॉचेस्टरच्या खानावळीत मोलकरणीच्या हाताला ते जाकीट जड लागले आणि स्वारी पकडली गेली! तो माफीचा साक्षीदार झाला. १६९६ च्या नोव्हेंबरात लंडनला पाच जण फासावर गेले. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही.

माझ्या मते मोहक चित्राचे मूळ येथेच आहे. पकडला गेलेल्याची गोष्ट फाशीपाशी संपते. निसटलेल्याचा शेवट ज्याने त्याने हवा तसा रचावा. १७१२ साली लंडनच्या रंगभूमीवर एव्हरीवरून रचलेला नायक आला, मादागास्करचा राजा म्हणून, आणि सोबत मोगल राजकन्येशी प्रेमही! ज्या जहाजावर बायकांनी जीव दिला, त्याचीच ही प्रेमकथा झाली. प्रेक्षकांना दुसरी बाजू कळणार तरी कशी? ती फारसीत होती. खाफीखानाच्या ग्रंथातील बराच भाग इलियट आणि डाऊसन यांच्या संग्रहातून इंग्रजीत आला तो १८७७ साली. तोवर दीडशेहून अधिक वर्षे एव्हरीचे नाटक-कादंबऱ्यांतले रूपच लोकांच्या मनात घर करून बसले होते.