म्हण ऐकताना

म्हणींच्या अभ्यासाकडे पहिल्यांदा वळणारा वाचक बहुधा संग्रहापासून सुरुवात करतो. मॅनवेरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह 1899 साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे मराठीतही मोठे कोश झाले. त्यांत म्हण आणि तिचा अर्थ सापडतो. ती कोण कुणाला, कुणादेखत म्हणालं, हे मात्र क्वचितच सापडतं, आणि माझ्या मते म्हणीचं निम्मं काम तिथंच असतं.

एक प्रसंग घेऊ. ज्वारीची भाकरी थापताना चिरते आहे. सून म्हणते, "पिठाची विरी गेलीय." सासू सरळ म्हणाली असती, "तुला भाकरी थापता येत नाही," तर सुनेला उत्तर होतं: "काल केल्याच होत्या की." सरळ विधान खोडून काढता येतं. पण सासू शेजारणीकडे बघत म्हणते, "नाचता येईना, अंगण वाकडे." या वाक्यात 'तू' नाही, भाकरी नाही, पीठही नाही. पहिला अर्धा भाग बघणाऱ्यांचा आहे. दुसरा नाचता न येणाऱ्याचीच सबब, 'म्हणे' न लावता जशीच्या तशी उचललेली. नाचणारी कोण आणि अंगण कशाचं, हे जुळवायचं काम ऐकणारीवर येतं. सून चिडून "हे मला म्हणालात?" असं विचारेल, तर जुळणी तिनंच केली असं होतं. सासू म्हणू शकते, "मी आपली म्हण सांगितली." शब्द तिचे नाहीतच, पूर्वापार चालत आलेले आहेत. या सोयीलाही आपल्याकडे म्हण आहे: लेकी बोले, सुने लागे.

म्हणीतली 'तू'ची जागा रिकामी राहणं किती महत्त्वाचं आहे, ते 'तुला नाचता येईना' असं म्हणून पाहिलं की कळतं. म्हण तिथंच मोडते, उरतो तो आरोप.

तरीही सून अगदीच निरुत्तर नसते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी खरोखर जाते आणि भाकरी चिरते. "अंगण खरंच वाकडं आहे, आत्या," असं ती म्हणीच्या आत शिरून म्हणू शकते. ताज्या पिठाच्या भाकऱ्या नीट झाल्या, तर म्हण खोटी ठरत नाही. ती इथं लागू नव्हती, एवढंच ठरतं. म्हणीवरचा वाद असा खरेखोटेपणावरून लागू असण्यावर सरकतो.

हे उत्तर देणं सुनेला किती परवडेल, हा वेगळा प्रश्न. हीच म्हण सुनेनं सासूला ऐकवली, तर घरात ती उद्धटपणाच मानली जाण्याचा संभव जास्त. म्हणीचा आडोसा दोघींना सारखा मिळत नाही. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यानं वहीत म्हणीशेजारी बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं नातं, त्या वेळी हजर असलेली माणसं आणि त्यानंतर कोण काय बोललं, हे लिहावं. कुणीच काही बोललं नसेल, तर तेही लिहावं.