डागाच्या मधली शीर

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या रुग्णाला एमआरआयच्या फिल्मवर मेंदूत पांढरे डाग दिसतात. हे डाग एमआरआयहून बरेच जुने. 1838 मध्ये स्कॉटिश डॉक्टर रॉबर्ट कार्सवेल यांनी शवविच्छेदनात मज्जारज्जूवर दिसलेले डाग रंगीत चित्रांत नोंदवून ठेवले. तो कोणता आजार, हे त्यांना सांगता आलं नव्हतं. आजाराला ओळख मिळाली 1868 मध्ये, पॅरिसच्या झां-मार्तॅं शार्को यांच्या व्याख्यानांतून. डागाच्या जागी चेतातंतू बरेचसे शाबूत असतात, पण त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण गेलेलं असतं, हेही शार्को यांनी पाहिलं होतं.

मला मात्र या कुळकथेत सर्वांत मोलाची वाटते ती मधल्या काळातली, 1863 मधली एक नोंद. एडुआर्ड रिंडफ्लाइश या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली डागाच्या मधोमध एक बारीक शीर दिसली. तेव्हा त्यांनी विचारलं, आजाराची सुरुवात रक्तवाहिनीपासून होत असेल का?

होते, असं आज आपण म्हणू शकतो. शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या काही पांढऱ्या पेशी मायलिनलाच परकं समजू लागतात. एरवी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती अशा पेशींना सहसा आत येऊ देत नाहीत. पण या पेशी चेतवल्या गेल्या की बारीक शिरेच्या भिंतीला चिकटतात, भिंत ओलांडतात आणि शिरेभोवती सूज येते. त्या सुजेत मायलिन नष्ट होतं. वायरीवरचं प्लॅस्टिक सोलल्यावर वीज गळावी, तसा संदेश तिथे मंदावतो किंवा अडतो. लोक ज्याला 'अटॅक आला' म्हणतात, तो हा.

डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईला जाणारी तिशीतली एखादी बाई धरून चालू. एका डोळ्याने धुरकट दिसू लागलं, डोळा हलवला की दुखतो, आणि हे दोन-तीन दिवसांत वाढत गेलं. दृष्टीच्या नसेवर सूज आली आहे. सूज ओसरते, तंतू संदेश नेण्याची पर्यायी सोय करतात, थोडं मायलिन पुन्हा तयार होतं, आणि काही आठवड्यांत नजर बरीचशी परत येते. स्टेरॉइडची सलाईन हा काळ कमी करते. पुढे मे महिन्यात गर्दीच्या डब्यात अंग तापलं की त्याच डोळ्याला पुन्हा धूसर दिसतं आणि गार झाल्यावर तासाभरात नीट होतं. हा नवा अटॅक नाही. मायलिन उणं झालेल्या तंतूत संदेश उष्णतेने तात्पुरता अडतो; नजर अशी तात्पुरती धूसर होणं जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्ये नोंदवलं होतं. खरा अटॅक ठरवताना त्रास किमान चोवीस तास टिकला का आणि त्या वेळी ताप किंवा जंतुसंसर्ग तर नव्हता ना, हे पाहिलं जातं.

आपल्याकडे हा आजार जवळजवळ नाहीच, अशी समजूत बराच काळ होती. मुंबईच्या पारशी समाजात तो बऱ्यापैकी आढळतो, हे नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दाखवलं. तोवर एमआरआयही आला होता.

1981 मध्ये लंडनमध्ये इयान यंग आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या दहा रुग्णांचे मेंदू या नव्या तंत्राने पाहिले. सीटी स्कॅनमध्ये डाग दिसले होते 19. नव्या यंत्राने आणखी 112 दाखवले. मायलिनच्या जागी आणि सुजेमुळे पाणी वाढतं, आणि एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनचाच संकेत टिपतो. म्हणून तो भाग पांढरा उठतो. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की शिरेची भिंत जिथे अजून झिरपते आहे तिथलेच डाग उजळतात. काही आठवड्यांनी भिंत सावरते आणि उजळणं थांबतं. म्हणून एकाच फिल्मवर ताजे आणि जुने डाग वेगळे कळतात. एका अटॅकच्या काळात पाच-दहा नवे डाग उमटून गेलेले असू शकतात, कारण मेंदूतल्या बऱ्याच जागांच्या इजेचं लक्षण बाहेर दिसतच नाही. 'मला काही होत नाही, मग औषध का?' या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथेच असतं.

डागांची जागा आणि आकारही शिरेच्याच मागे जातो. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांकडे येणाऱ्या बारीक शिरा काटकोनात येतात, म्हणून त्यांच्याभोवतीचे डाग बोटांसारखे लांबट उभे राहतात. एडिनबरोच्या जेम्स डॉसन यांनी 1916 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली वर्णन केलेले हे डाग आज 'डॉसन फिंगर्स' म्हणून ओळखले जातात. पण पांढरा डाग म्हणजे एमएसच, असं नाही. वाढलेलं बीपी, अर्धशिशी, वय, यांनीही डाग पडतात आणि त्यावरून चुकीचं निदान होतं. ते टाळायला आता रिंडफ्लाइश यांची शीर कामी येते. एमआरआयच्या एका खास क्रमात ती पांढऱ्या डागाच्या मधोमध काळ्या रेघेसारखी दिसते. 2024 मध्ये सुधारलेल्या निदानाच्या निकषांत या खुणेला जागा मिळाली आहे. मात्र तो क्रम काढलेला असावा लागतो. नेहमीच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये तो असेलच असं नाही.