दाम्पत्याची बँक खाती : संयुक्त, स्वतंत्र व मिश्र

विवाहानंतर पती-पत्नीने आपली मिळकत कोणत्या नावाच्या खात्यात ठेवावी, यासाठी तीन पद्धती रूढ आहेत. संयुक्त पद्धतीत दोघांचे सर्व उत्पन्न दोघांच्या नावावरील एकाच खात्यात जमा होते. स्वतंत्र पद्धतीत प्रत्येकाचे खाते वेगळे राहून खर्चाच्या बाबी वाटून घेतल्या जातात. आणि मिश्र पद्धतीत दोघांची वैयक्तिक खाती कायम ठेवून घरखर्चापुरते तिसरे, सामाईक खाते उघडले जाते. दोघांनाही दरमहा पगार असेल, तर ही निवड बहुतांशी सोयीची बाब असते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात मात्र ती तितकी सरळ राहत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या भागात कापूस, सोयाबीन, तूर ही प्रमुख पिके असल्यामुळे पती शेतकरी आणि पत्नी दवाखान्यात, शाळेत किंवा दुकानात पगारावर, अशा घरात एकाचा पैसा महिन्याला येतो, तर दुसऱ्याचा कापूस विकल्यावर, वर्षातून एकदा-दोनदा येतो.

शेतकरी कुटुंबात पहिला प्रश्न पतीचे उत्पन्न नेमके कोणाच्या खात्यात येते, हा असतो. सातबारा उतारा वडिलांच्या नावावर असेल, तर भारतीय कापूस महामंडळाच्या (सी.सी.आय.) हमीभावाच्या खरेदीचा पैसा उताऱ्यावरील शेतकऱ्याच्या आधारजोडणी असलेल्या खात्यातच जमा होतो. त्यामुळे वर्षभर राबणाऱ्या मुलाच्या नावावर बँकेत काहीच दिसत नाही, आणि वडिलांबरोबर त्याचे जुने सामाईक खाते असले, तरी त्यातील पैसा एकत्र कुटुंबाचा समजला जातो. अशा खात्यात सुनेचे नाव तिसरे म्हणून घालण्यापेक्षा ते खाते तसेच ठेवावे, आणि वडिलांकडून मुलाच्या स्वतंत्र खात्यात ठरावीक हिस्सा वर्ग करून घ्यावा. यातून नवविवाहित दाम्पत्याचा हिशेब प्रथमच वेगळा आणि लेखी होतो.

मिश्र पद्धतीचे गणित एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. पत्नीचा पगार दरमहा १८,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,१६,००० रुपये, आणि बियाणे, खते, फवारणी, मजुरी व वेचणी वजा जाता पतीच्या हाती शेतीतून राहणारी रक्कम १,४४,००० रुपये धरली, तर दोघांच्या मिळकतीचे प्रमाण ६० : ४० येते. घरखर्च महिन्याला १२,००० रुपये असल्यास पत्नीचा वाटा ७,२०० रुपये आणि पतीचा ४,८०० रुपये होतो. पत्नीने आपला वाटा दरमहा वर्ग करावा आणि पतीने कापूस विकल्यानंतर जानेवारीत पुढील बारा महिन्यांचे ५७,६०० रुपये एकदम भरावेत, अशी ही रचना असते. अडचण पहिल्या वर्षी येते. लग्न मे महिन्यात झाले, तर जून ते डिसेंबर या सात महिन्यांत पतीचा वाटा येण्याचा मार्ग नसतो, आणि ३३,६०० रुपयांची तूट पत्नीच्या पगारातून भरून निघते. ही रक्कम उसनी म्हणून वहीत लिहून ठेवल्यास पती जानेवारीत ती आणि पुढील वर्षाचा वाटा मिळून ९१,२०० रुपये देणे लागतो. लिहून न ठेवल्यास ती घरखर्चात विरून जाते आणि पुढे तिचा उल्लेख करणेही अवघड होते.

या रचनेत चूक बहुधा मृगाच्या तोंडावर होते. बियाण्यांची आणि खतांची खरेदी हातातल्या सामाईक खात्यातून केली जाते, मात्र कापसाचा पैसा येतो तो वडिलांच्या किंवा पतीच्या खात्यात. शेतीचा खर्च एका खात्यातून आणि शेतीचे उत्पन्न दुसऱ्या खात्यात, असे झाले की पत्नीचा पगार न सांगता शेतीचे भांडवल बनतो. पासबुकातील जून-जुलैची शिल्लक आधीच्या महिन्यांपेक्षा एकदम खाली गेलेली असेल, तर ती याची खूण समजावी. वाटा नेहमी निव्वळ उत्पन्नावर काढायचा असल्यामुळे शेतीचा खर्च पतीच्या खात्यातून किंवा पीककर्जातूनच व्हावा. आणि पाऊस हुकला किंवा बोंडअळीने पीक गेले, तर ६० : ४० हे प्रमाण तसेच न धरता त्या वर्षीच्या प्रत्यक्ष उत्पन्नावरून नव्याने ठरवावे.

सामाईक खाते उघडताना व्यवहाराची सूचना द्यावी लागते. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ या सूचनेनुसार एकाच्या सहीने सर्व व्यवहार होतात आणि एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला शिल्लक मिळते. ‘पहिला किंवा हयात असणारा’ या सूचनेत पहिल्या नावाची व्यक्ती जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला अधिकार नसतो. आणि ‘संयुक्तपणे’ असे लिहिल्यास दोघांच्याही सह्या लागतात. घरखर्चाच्या खात्याला पहिली सूचना योग्य असली, तरी तिच्यामुळे एकाला संपूर्ण शिल्लक काढता येते, म्हणून त्यात दोन-तीन महिन्यांच्या खर्चाहून फार मोठी रक्कम साठवू नये. जानेवारीत भरलेल्या एकरकमी वाट्याचा मोठा भाग दोघांच्या सहीने मोडणाऱ्या मुदत ठेवींत ठेवणे बरे. वाद उद्भवल्यास कोणताही एक खातेदार बँकेला लेखी कळवून एकाच्या सहीचे व्यवहार थांबवू शकतो, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. हयात जोडीदाराला पैसा मिळणे म्हणजे त्यावर संपूर्ण मालकी मिळणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते, कारण मृत पतीच्या हिश्शावर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नीबरोबरच मुले आणि पतीची आई यांचाही हक्क असतो.

पत्नीचे लग्नापूर्वीचे खाते बंद करू नये, असेच या कोशनोंदीचे मत आहे. माहेरहून आलेली रक्कम व लग्नातील भेटी हे स्त्रीधन होय आणि त्यावर केवळ तिचाच हक्क असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मधील प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. परंतु ती रक्कम सामाईक खात्यात मिसळली की कोणता रुपया कोणाचा, हे सिद्ध करणे कठीण होते. थेट हस्तांतरणाने येणाऱ्या शासकीय अनुदानासाठीही तिचे खाते लागते. एका आधार क्रमांकाचे अनुदान एका वेळी एकाच बँक खात्याकडे वळते, आणि नवे सामाईक खाते उघडताना अर्जातील आधारजोडणीच्या संमतीवर नकळत सही झाल्यास पुढचा हप्ता त्या नव्या खात्यात जाऊ शकतो. नाव बदलले नसेल, तर ते खाते जुन्याच नावाने चालू राहते. बदलले असेल, तर आधार, पॅन आणि बँक या तिन्ही ठिकाणी एकच नाव असेल याची काळजी घ्यावी.

कोणत्या संस्थेत खाते उघडावे, याला बुलढाणा जिल्ह्यात विशेष महत्त्व आहे, कारण येथे बँकांबरोबर सहकारी पतसंस्थांचेही जाळे दाट आहे. ठेव विम्याचे संरक्षण बँकांना, त्यांत सहकारी बँकांनाही, लागू असते. पतसंस्थांना ते मिळत नाही. ४ फेब्रुवारी २०२० पासून या विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे, आणि पतीचे एकट्याचे खाते, पत्नीचे एकटीचे खाते व दोघांचे सामाईक खाते एकाच बँकेत असले, तरी ही मर्यादा तिन्हींना स्वतंत्रपणे लागू होते.