वैद्यकीय शोधनिबंध, इंग्रजी : काळयोजना व मर्यादादर्शक शब्द

आरोग्यविषयक इंग्रजी शोधनिबंधात क्रियापदाच्या काळावरून घटना केव्हा घडली एवढेच कळत नाही. लेखक आपले विधान एका पाहणीपुरते मानतो, की सर्वसाधारण सत्य म्हणून मांडतो, हेही सूचित होते. विधानाच्या निश्चिततेला ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘प्रॉबेब्ली’ यांसारखे मर्यादादर्शक शब्द आवर घालतात. प्रास्ताविक, पद्धती, निष्पत्ती व चर्चा ही चतुर्विध मांडणी विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांत पसरली व १९८० च्या दशकापर्यंत रूढ झाली. तिच्या प्रत्येक भागात काळ व निश्चितता यांचे प्रमाण वेगळे असते.

रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांवरील निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९५० साली प्रसिद्ध झाला. इंग्लंड व वेल्समध्ये या रोगाचे मृत्यू १९२२ मधील ६१२ वरून १९४७ मध्ये ९,२८७ पर्यंत वाढले, हे प्रास्ताविकातील विधान संपलेल्या वर्षांविषयीचे असल्याने साध्या भूतकाळात बसते. रुग्णांच्या मुलाखती कशा घेतल्या, हेही भूतकाळातच सांगावे लागते. झालेल्या कृतीबाबत साशंक शब्दांना तेथे फारसे स्थान नसते. निष्पत्तीत कर्करोगाच्या ६४९ पुरुषांपैकी २, तर तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच पुरुषांपैकी २७ जण धूम्रपान न करणारे आढळले. येथे ‘वेअर’ऐवजी ‘आर’ योजल्यास या पाहणीतील गणती सर्व रुग्णांचा नियम ठरते.

चर्चेत लेखकांनी संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, ही मर्यादा नोंदविली. मुलाखतकारांच्या पूर्वग्रहाची शक्यताही त्यांनी तपासली : कर्करोगी समजून प्रश्न विचारलेल्या, पण नंतर तो रोग नसल्याचे ठरलेल्या रुग्णांच्या सवयी खऱ्या रुग्णांपेक्षा वेगळ्या निघाल्या. अशा शंका दूर केल्यावरच धूम्रपान हा एक महत्त्वाचा घटक आहे, हा निष्कर्ष त्यांनी वर्तमानकाळात मांडला. धुरातील अपायकारक द्रव्य कोणते, याविषयी मात्र पुरावा नसल्याने ते सावध राहिले. निश्चितता अशी पुराव्यागणिक बदलते.

मराठी भाषकांची अडचण बहुधा पूर्ण वर्तमानकाळात होते. मराठीत ‘१९५० साली हे दाखविले आहे’ हे चालते. इंग्रजीत संपलेल्या कालाच्या निर्देशाबरोबर ‘हॅज शोन’ चालत नाही, ‘शोड’ लागते. दुसरा दोष म्हणजे ‘मे पॉसिब्ली सजेस्ट’ अशी साशंक शब्दांची रास. तिने विधान अर्थशून्य होते. उलट, एकाच पाहणीवरून ‘प्रूव्ह’ म्हणणे हा अतिरेक होय. विधान इतर रुग्णांनाही लागू आहे काय आणि ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून अनुक्रमे काळ व मर्यादादर्शक शब्द ठरविता येतात.