आधी खरेदी, नंतर पैसे : हप्ता थकणे

दुकानात किंवा ॲपवर वस्तू घेताना लगेच पैसे न देता काही दिवसांनी एकरकमी किंवा हप्त्यांनी फेडण्याच्या सोयीला ‘बाय नाऊ, पे लेटर’ म्हणतात. ठरलेल्या तारखेला ही फेड झाली नाही की रक्कम थकीत होते. त्याचे परिणाम तीन ठिकाणी उमटतात : ग्राहकाच्या बँक खात्यात, कर्ज देणाऱ्याच्या हिशेबात आणि पतअहवालात. प्रस्तुत नोंद भारतातील व्यवहारापुरती आहे.

स्वरूप. खरेदीच्या पानावर ही सोय पैसे देण्याच्या एखाद्या पर्यायासारखी दिसते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते कर्ज असते आणि ते बँक किंवा बँकेतर वित्तीय कंपनी देते. ॲप मध्यस्थ असते. व्याज शून्य असले तरी कर्ज हे कर्जच राहते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले. त्यांनुसार अशी अल्पमुदतीची कर्जेही, रक्कम व मुदत काहीही असली तरी, पतमाहिती कंपन्यांना कळवावी लागतात. भारतात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. दोन-तीन हजारांच्या खरेदीची फेडही त्यामुळे गृहकर्जाच्या फेडीशेजारी नोंदली जाते.

हप्ता चुकतो कसा. हप्ता बहुधा ऑटो-डेबिटने जातो. त्यासाठी ग्राहकाने सुरुवातीला बँकेला मँडेट, म्हणजे खात्यातून रक्कम वळती करण्याची कायम परवानगी, दिलेली असते. ठरलेल्या दिवशी खात्यात पूर्ण रक्कम नसेल तर असलेले पैसे घेऊन उरलेले मागाहून मागण्याची सोय त्यात नसते. मागणी सरळ परत जाते. यालाच हप्ता बाउन्स होणे म्हणतात. पगाराची तारीख हप्त्याच्या तारखेनंतर येणे, मँडेट जुन्या, वापरात नसलेल्या खात्यावर राहणे आणि वेगवेगळ्या ॲपचे हप्ते एकाच आठवड्यात येणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. आणखी एक कारण सहज नजरेआड होते. ग्राहक वस्तू परत करतो आणि कर्ज संपले असे धरून चालतो. पण दुकानदाराकडून परतावा कर्जदात्यापर्यंत पोहोचून कर्ज रद्द होईपर्यंत हप्ता देय राहू शकतो.

उदाहरण. ९,००० रुपयांचा मोबाइल ३,००० रुपयांच्या तीन हप्त्यांवर घेतला आहे आणि पहिला हप्ता ५ मार्चला आहे, असे समजू. पगार ७ तारखेला होतो. ५ तारखेला खात्यात २,६४० रुपये आहेत, म्हणजे ३६० रुपये कमी. हप्ता बाउन्स होतो. खाते असलेली बँक परतीचे शुल्क २५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे २९५ रुपये कापते. दुसऱ्या दिवशी कर्जदाता तीच मागणी पुन्हा पाठवतो. ती पुन्हा परत जाते आणि आणखी २९५ रुपये जातात. कर्जदाता स्वतःचे ३५० रुपये शुल्क लावतो. ३६० रुपयांच्या कमतरतेपायी ९४० रुपयांचा भुर्दंड बसतो. शुल्काचे आकडे बँकेनुसार व करारानुसार बदलतात, पण आकारणीची रीत हीच असते.

७ तारखेला पगार होताच ग्राहक ३,००० रुपये भरतो आणि विषय संपला असे समजतो. खरी गफलत इथे होते. आलेल्या रकमेतून आधी शुल्क वळते करायचे, असे काही करारांत ठरलेले असते. तसे झाल्यास ३५० रुपये शुल्काकडे जातात आणि मूळ हप्त्यातले ३५० रुपये थकीतच राहतात. थकबाकीचे दिवस ७ मार्चला थांबत नाहीत. ते ५ मार्चपासून पुढे मोजले जातात. म्हणून चुकलेला हप्ता भरताना हप्त्याची मूळ रक्कम भरून भागत नाही. त्या दिवशीची एकूण देय रक्कम पाहावी, ती पूर्ण भरावी आणि भरल्यावर थकबाकी शून्य दिसते का हे खातेउताऱ्यात तपासावे.

पतअहवालातील नोंद. अहवालात प्रत्येक कर्जापुढे महिन्यागणिक ‘डीपीडी’, म्हणजे देय तारखेनंतर उलटलेले दिवस, लिहिलेले असतात. फेड वेळेवर असेल तर ‘०००’ असे दिसते. हा रकाना रुपये मोजत नाही, दिवस मोजतो. वरच्या उदाहरणातले ३५० रुपये ३१ मार्चपर्यंत राहिले तर त्या महिन्यापुढे २६ दिवसांची थकबाकी लागू शकते. थकीत रक्कम अहवालात वेगळी दिसते, तरी उशिराचा शिक्का छोट्या रकमेलाही बसतो. १ जानेवारी २०२५ पासून कर्जदात्यांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला कळवावी लागते. त्यामुळे महिनाअखेरीपूर्वी भरले तर कोणाला कळणार नाही, हा जुना अंदाज आता धोक्याचा आहे.

बँकांच्या हिशेबात ३० दिवसांपर्यंतची थकबाकी पहिल्या इशाऱ्याच्या गटात असते. ३० आणि ६० दिवस उलटल्यावर पुढचे गट लागतात आणि ९० दिवसांनंतर खाते अनुत्पादक ठरते. ५ मार्चची थकबाकी अशा रीतीने ३ जूनला त्या उंबरठ्यावर येते. हे वर्गीकरण कर्जदारागणिक होते. त्याच बँकेचे त्याच ग्राहकाला दुसरे कर्ज असेल आणि त्याचे हप्ते नियमित असले, तरी तेही अनुत्पादक धरले जाते. सगळी थकबाकी फेडल्याशिवाय खाते पुन्हा नियमित होत नाही.

सिबिल स्कोर ३०० ते ९०० यांमध्ये असतो. एका उशिराने तो किती घसरेल याचा ठरावीक आकडा नाही. ज्याची जुनी नोंद थोडी, त्याला एक चूकही जड जाते. मासिक डीपीडी ३६ महिन्यांपर्यंत दिसतो. पैसे भरल्याने थकबाकी जाते, पण झालेल्या उशिराची खरी नोंद पुसली जात नाही. कमी रकमेत तडजोड केल्यास ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढचा कर्जदाता तो पूर्ण फेडीसारखा मानत नाही.

शुल्कावरील मर्यादा. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार चुकलेल्या फेडीबद्दल व्याजदर वाढवून दंड घेता येत नाही. दंड शुल्क म्हणूनच लावावा लागतो, तो वाजवी असावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्जापूर्वी मिळणाऱ्या मुख्य तथ्यपत्रकात जे शुल्क नाही, ते ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. म्हणून शुल्काबद्दल वाद झाल्यास हे पत्रक सर्वांत उपयोगी कागद ठरते.

चुकीची नोंद आणि दाद. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. ॲपवर ओळखीचे नाव असले तरी अहवालात कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा वित्तीय कंपनीचे नाव येते. ते अनोळखी वाटले म्हणून नोंद खोटी ठरवू नये, आधी करारातील नावाशी ताडून पाहावी. परत केलेल्या वस्तूचा हप्ता थकीत दिसणे किंवा भरलेली रक्कम चढवलेली नसणे या चुका पावती व खातेउतारा जोडून दुरुस्त करून घेता येतात. तक्रार कर्जदात्याकडे किंवा पतमाहिती कंपनीकडे करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देय होते. तरीही उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.